मेंदूचा काही भाग उठतो तेव्हा

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात 16 वर्षांच्या एका मुलाला रात्री तपासणीसाठी झोपवलं होतं. तो झोपेत चालायचा. त्याच्या डोक्याला मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणाऱ्या तारा लावलेल्या होत्या आणि क्लॉडिओ बॅसेटी व त्यांचे सहकारी तो कधी उठतो याची वाट पाहत होते. गाढ झोपेतच तो उठला. 24 सेकंदांच्या आत त्याच्या शिरेत अगदी सौम्य किरणोत्सर्गी औषध सोडण्यात आलं. हे औषध रक्ताबरोबर मेंदूत जातं, ज्या भागाला त्या घडीला जास्त रक्त मिळतंय तिथे जास्त साठतं आणि तिथेच अडकून राहतं. त्यामुळे मुलगा चालत असताना त्याला यंत्रात घालायची गरज पडत नाही. तो पुन्हा शांत झाल्यावर चित्र काढलं तरी ते चालण्याच्या क्षणाचंच मिळतं. 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे चित्र प्रसिद्ध झालं. झोपेत चालणाऱ्या माणसाच्या मेंदूत नेमकं काय चाललेलं असतं, हे तोवर असं कोणी पाहिलेलं नव्हतं.

चित्रात दोन जागा ठळक दिसत होत्या. एक लहान मेंदूची, म्हणजे तोल आणि हालचालींचा मेळ राखणाऱ्या भागाची. दुसरी मेंदूच्या आतल्या बाजूला, मागच्या अंगाला असलेल्या एका पट्ट्याची. याच मुलाच्या शांत गाढ झोपेशी तुलना केली, तर या दोन्ही ठिकाणी रक्तपुरवठा सुमारे 25 टक्क्यांनी वाढलेला होता. आणि कपाळामागचा व डोक्याच्या वरच्या बाजूचा मोठा प्रदेश, ज्याच्या जोरावर आपण विचार करतो, आपण कुठे आहोत आणि काय करतोय याचं भान ठेवतो, तो मात्र जाग्या माणसाच्या मानाने मंदच होता. मुलगा उभा होता, पण त्याच्या मेंदूचा हा भाग अजून झोपेतच होता.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण झोपेबद्दलची आपली एक पक्की समजूत त्याने मोडली. आपण धरून चालतो की माणूस एक तर झोपलेला असतो, नाही तर जागा असतो. प्रत्यक्षात झोप आणि जाग मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वेळी येऊ शकते. एरवी हे सगळे भाग इतक्या पटकन एकामागोमाग जागे होतात की आपल्याला तो एकच क्षण वाटतो. झोपेत चालणाऱ्यांच्या बाबतीत ही साखळी मध्येच अडकते.

ती कुठे अडकते हे कळण्यासाठी गाढ झोप म्हणजे काय ते पाहावं लागेल. डोळा लागल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात आपण सर्वांत खोल झोपेत उतरतो. तिथे मेंदूलेखावर मोठ्या, संथ लाटा दिसतात, सेकंदाला एखाद-दोन. जागेपणी मेंदूतल्या पेशींचं वागणं लग्नाच्या मांडवातल्या गलक्यासारखं असतं. जो तो आपापलं बोलतो, म्हणून वरून ऐकलं तर नुसती गजबज. गाढ झोपेत त्याच पेशी भजनातल्या टाळांसारख्या एका ठेक्यात येतात, लाखो पेशी एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. या एकदम गप्प होण्यामुळेच मेंदूच्या एका भागातला निरोप दुसऱ्या भागापर्यंत नीट पोचत नाही आणि भान हरपतं. रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात अशी झोप सर्वाधिक असते. पहाटेकडे ती विरळ होत जाते आणि स्वप्नांची झोप, म्हणजे बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात ती, वाढत जाते.

झोपेत चालणं म्हणजे माणूस स्वप्न जगतोय, असं पूर्वी डॉक्टरही मानत. 1965 साली कॅलिफोर्नियात अॅलन जेकबसन, अँथनी केल्स आणि सहकाऱ्यांनी चालणाऱ्या मुलांचे मेंदूलेख घेतले तेव्हा उलटच निघालं. मुलं स्वप्नांच्या झोपेतून उठत नव्हती, संथ लाटांच्या गाढ झोपेतून उठत होती. तीन वर्षांनी रॉजर ब्रॉटन यांनी झोपेतल्या अशा काही प्रकारांना एकत्र बांधणारी कल्पना मांडली. झोपेत चालणं, रात्री किंचाळून उठणं आणि अर्धवट उठून गोंधळल्यासारखं बसणं, हे तिन्ही जागं होण्यातले बिघाड आहेत, असं त्यांचं म्हणणं. आजही डॉक्टर याच चौकटीतून पाहतात.

मेंदूच्या आत खोलवर काय होतं हे 2009 साली इटलीतल्या मिलानमध्ये जास्त स्पष्ट झालं. तिथे एका तरुण रुग्णाच्या मेंदूत अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीसाठी बारीक तारा बसवलेल्या होत्या. त्या बसवलेल्या असतानाच एका रात्री तो अर्धवट उठला, गोंधळला आणि परत झोपला. नोंदी पाहिल्या तर हालचालींचा भाग जाग्या माणसासारखा जलद चालला होता.  त्याच वेळी कपाळामागच्या व वरच्या भागात संथ लाटा आणखी वाढल्या होत्या. पुढच्या एका अशाच नोंदीत भीतीसारख्या भावनांशी संबंधित असलेला, बदामाच्या आकाराचा छोटा भागही जागा दिसला, आणि आठवणी साठवण्याचं काम सुरू करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग झोपेचीच चिन्हं दाखवत होता.

ही यादी एकदा कळली, की झोपेत चालणाऱ्याचं विचित्र वागणं कोडं राहत नाही. डोळे सताड उघडे असतात, तो टेबलाला वळसा घालतो, दाराची कडी काढतो, कारण हालचाल आणि सवयीची कामं चालू आहेत. आपण हाक मारली तर तो आपल्याकडे बघतो, पण ओळखत नाही किंवा भलतंच उत्तर देतो, कारण बघितलेल्याचा अर्थ लावणारा आणि तोलून-मापून ठरवणारा भाग बंद आहे. काही जण घाबरून पळतात, कारण भीतीचा भाग जागा आहे आणि ‘अरे, हे तर आपलंच घर’ असं सांगणारं कोणी नाही. सकाळी विचारलं तर बहुतेकांना काही आठवत नाही. आठवण नोंदवणारा भागच जागेवर नव्हता. मोठ्या माणसांच्या बाबतीत मात्र हे शंभर टक्के खरं नाही. पॅरिसमधल्या झोपतज्ज्ञांनी विचारपूस केली तेव्हा बऱ्याच प्रौढांना अर्धवट काहीतरी आठवत होतं. छत कोसळतंय, बाळ पडतंय, त्याला वाचवायचंय, असे छोटे, तुटक, बहुधा धोक्याचे प्रसंग.

वेदनाही अशीच हरवते. फ्रान्समधल्या माँपेल्ये इथे रेजिस लोपेझ यांच्या गटाने झोपेत चालताना दुखापत झालेल्या माणसांना विचारलं, तेव्हा त्यांतल्या 79 टक्के लोकांनी सांगितलं, त्या वेळी दुखलंच नाही. त्यांतला एक जण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उडी मारून बाहेर पडला होता. हाडं मोडली होती, पण कळ त्याला पुढे पूर्ण जागा झाल्यावर जाणवली. झोपेत चालणारा आपला आपण सांभाळून चालतो, त्याला काही होत नाही, हा समज किती धोक्याचा आहे हे एवढ्यावरून कळावं.

आता ही साखळी अडकते का, हे पाहू. त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात. झोप नेहमीपेक्षा जास्त खोल असावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी काहीतरी माणसाला हलवून उठवू पाहत असावं लागतं. नुसती गाढ झोप असेल तर माणूस झोपून राहतो. नुसता आवाज आला तर तो सरळ जागा होतो. दोन्ही ताकदी समोरासमोर आल्या, की मेंदूचे खालचे आणि हालचालींचे भाग उठतात, वरचे झोपेच्या ओझ्याखाली तसेच राहतात.

माँट्रियलमध्ये अँटोनिओ झाद्रा आणि जाक माँप्लेझीर यांच्या गटाने हे जणू पाककृतीसारखं करून दाखवलं. झोपेत चालणाऱ्या 10 जणांना आणि न चालणाऱ्या 10 जणांना त्यांनी आधी रात्रभर जागं ठेवलं, मग झोपू दिलं, आणि गाढ झोप लागल्यावर कानात आवाज वाजवला. जागरणानंतरच्या त्या झोपेत चालणाऱ्या दहाच्या दहा जणांना अर्धवट उठण्याचा झटका आला. जागरण न करता तोच आवाज ऐकवला तेव्हा तो थोड्यांनाच आला होता. आणि न चालणारे दहा जण दोन्ही वेळा एक तर झोपून राहिले किंवा नीट जागे झाले. यातून दोन गोष्टी कळतात. जागरण हे सर्वांत मोठं निमित्त आहे, पण मुळात मेंदूची तशी घडण असावी लागते.

ही घडण बऱ्याच अंशी घराण्यातून येते. कॅनडातल्या क्विबेकमध्ये मुलांच्या जन्मापासून वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारी एक मोठी पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. आई-वडील दोघंही लहानपणी झोपेत चालत नसतील, तर सुमारे 22 टक्के मुलं कधी ना कधी चालली. दोघांपैकी एक चालत असेल तर 47 टक्के. दोघंही चालत असतील तर 61 टक्के. दहाव्या वर्षाच्या आसपास हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. त्या वयात गाढ झोप भरपूर आणि फार खोल असते, आवाज झाला तरी मूल सहज उठत नाही. वयात येताना संथ लाटा कमी होत जातात आणि बहुतेक मुलांचं चालणं आपोआप थांबतं.

एका रात्रीपुरतं हे जुळवून बघू. समजा, पुण्यातलं नऊ वर्षांचं पोर मावशीच्या लग्नाला सांगलीला गेलंय. आदल्या रात्री बसमध्ये जेमतेम झोप झाली, दिवसभर हुंदडणं झालं, हळदीला मध्यरात्र झाली. साडेबाराला ते हॉलमध्ये दहा भावंडांच्या ओळीत आडवं झालं. निजताना तहान लागली म्हणून तांब्याभर पाणीही प्यायलं. जागरणामुळे ते दगडासारखं गाढ झोपलं. पावणेदोनच्या सुमाराला मूत्राशय भरलं, आणि त्याच वेळी कोणीतरी स्वयंपाकघरात पातेलं आपटलं. पोर उठून बसलं, काहीतरी पुटपुटलं, भावंडांवरून पाय टाकत कोपऱ्यातल्या चपलांच्या ढिगापाशी गेलं आणि तिथेच लघवी करू लागलं. आत्या ओरडली, ‘अरे सोन्या, काय करतोस!’ पोराने तिच्याकडे बघितलं आणि ‘गाडी सुटेल’ म्हणालं. सकाळी त्याला यातलं काहीच आठवणार नाही. घरातली जुनी मंडळी म्हणतील, कोणाची तरी दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवा. उतरवल्या तरी काही बिघडत नाही, पण पोराला दुसऱ्या रात्री वेळेवर झोपवणं आणि निजायच्या आधी लघवीला नेणं यांनी खरा फरक पडेल.

त्या घडीला आत्याने काय करावं? झोपेत चालणाऱ्याला उठवलं तर तो वेडा होतो किंवा दगावतो, असं आपल्याकडे सांगतात. ते खरं नाही. पण उठवण्याचा फायदाही नाही. तो सहज उठत नाही, आणि धरून हलवलं तर घाबरून हात-पाय झाडतो, समोरच्याला लागू शकतं. हळू आवाजात बोलत, खांद्याला हलका हात लावून त्याला पुन्हा अंथरुणाकडे वळवावं. बहुतेक वेळा तो निमूट येतो आणि झोपतो. ज्या घरात असं माणूस आहे तिथे दाराला वरची कडी लावावी आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना त्याला कठड्यापासून लांब, दोघांच्या मध्ये झोपवावं.

मूल जवळजवळ रोज ठरावीक वेळी उठत असेल तर एक साधा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. काही रात्री वेळ टिपून ठेवायची. मग रोज त्या वेळेच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी मुलाला हलकेच, जेमतेम डोळे उघडेल इतकं जागं करायचं आणि परत झोपू द्यायचं. दोन ते चार आठवडे असं केलं की गाढ झोपेची ती ठरलेली अडखळ मोडते. आणि एक गोष्ट आवर्जून बघायची, मूल घोरतं का. स्टॅनफर्डमध्ये क्रिस्तियाँ गियमिनो यांनी वारंवार चालणाऱ्या किंवा किंचाळून उठणाऱ्या मुलांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांचा श्वास झोपेत अडखळत होता. टॉन्सिल, नाकामागच्या गाठी किंवा नाकातला अडथळा काढल्यावर, शस्त्रक्रिया झालेल्या 43 मुलांपैकी सगळ्यांचा त्रास थांबला. श्वास अडला की मेंदू दर वेळी थोडा उठतो. त्यांना उठवणारा तो ‘आवाज’ बाहेरचा नव्हता, त्यांच्या घशातला होता.

मोठेपणी अचानक सुरू झालं तर औषधांकडे बघावं. झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या झोल्पिडेम या गोळीने काही माणसं झोपेत चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा चालवतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने 2019 मध्ये तिच्या वेष्टनावर याबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

झोपेत बरळणं हे याच घरातलं, पण बरंच मोकळं भावंड. झोपेच्या कुठल्याही टप्प्यात माणूस बोलू शकतो, आणि बोलतोही. नॉर्वेतल्या एका पाहणीत तीनपैकी जवळजवळ दोघांनी आयुष्यात कधीतरी झोपेत बोलल्याचं सांगितलं. त्यातलं बहुतेक निरुपद्रवी असतं आणि त्यावर उपचार करायची गरज नसते. पण ते ऐकायला फार माहितीचं असतं. पॅरिसच्या इझाबेल आर्न्युल्फ यांच्या गटाने 232 जणांचं झोपेतलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. त्यांत बहुतेक झोपेच्या तक्रारी असलेले रुग्ण होते. 883 वेळा आवाज निघाले. त्यांतले 59 टक्के नुसते पुटपुटणे, कुजबुजणे, हसणे अशा जातीचे होते. उरलेल्यांत खरे शब्द होते आणि सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता ‘नाही’. जागेपणीच्या मानाने तो चौपट वेळा येत होता. शिव्याही भरपूर होत्या. वाक्यांचं व्याकरण मात्र चोख होतं. आणि बरेच जण प्रश्न विचारून थांबत होते, समोरचा उत्तर देईल इतका वेळ, मग पुढे बोलत होते. म्हणजे भाषा जुळवणारा आणि संभाषणाची लय सांभाळणारा मेंदू झोपेतही आपलं काम करू शकतो.

बरळणाऱ्याला प्रश्न विचारून त्याची गुपितं काढता येतात असं मानणारे बरेच असतात. पण झोपेतलं बोलणं हे तुटक स्वप्नातलं किंवा अर्धवट जागेतलं असतं, त्याला साक्ष समजून नवरा-बायकोने भांडू नये. ज्या नावाचा उच्चार झाला ते माणसाच्या मनात आहे एवढंच त्यातून कळतं, आणि मनात तर दूधवाल्याचंही नाव असतं.

एक प्रकार मात्र वेगळा काढायलाच हवा. तो बहुधा पन्नाशीनंतर, रात्रीच्या उत्तरार्धात, स्वप्नांच्या झोपेत दिसतो. स्वप्न पडत असताना मेंदूच्या देठातल्या पॉन्स नावाच्या भागातून निघणारा एक आदेश डोळे आणि श्वासाचे स्नायू सोडून बाकीचं अंग सैल करून ठेवतो, म्हणून स्वप्नात आपण धावतो पण पाय अंथरुणातच राहतात. ल्योंमध्ये मिशेल जूव्हे यांनी 1965 च्या सुमारास मांजरांच्या मेंदूतला नेमका तो छोटा भाग बाद केला, तर मांजरं स्वप्नांच्या झोपेत उठून न दिसणाऱ्या भक्ष्यावर झडप घालू लागली. 1986 मध्ये मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी तसंच वागणारी माणसं दाखवली. स्वप्नात मारामारी चालू असताना ती खरोखर ठोसे मारत, पलंगावरून उड्या टाकत, बायकोला लागेपर्यंत. त्यातल्या अनेकांना पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच जातीचा आजार झाला, कारण त्या रोगाची झीज बऱ्याचदा देठातून सुरू होते.

दोन्ही प्रकार घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतात. गाढ झोपेतून उठणारा रात्रीच्या पूर्वार्धात उठतो, डोळे उघडे असतात, अंथरुणातून बाहेर पडून फिरतो, हलवून उठवलं तर बराच वेळ गोंधळलेला राहतो. स्वप्न जगणारा पहाटेकडे हात-पाय झाडतो, डोळे मिटलेले असतात, सहसा खोलीबाहेर जात नाही, आणि उठवलं तर लगेच जागा होऊन स्वप्न सांगतो. तिसरी शक्यता अपस्माराची. त्यात झटका छोटा, अगदी ठरावीक तऱ्हेचा आणि एकाच रात्रीत अनेकदा येतो. त्यामुळे डॉक्टरकडे जाताना झटक्याचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ, झोपल्यावर किती वेळाने तो आला ती वेळ, चालू गोळ्यांची नावं आणि माणूस घोरतो की नाही एवढं बरोबर न्यावं. या चार गोष्टींवरून बऱ्याच वेळा निदानाची दिशा मिळते. प्रयोगशाळेत झोपवून तपासायचं की नाही, हे त्यानंतर डॉक्टर ठरवतात.